समासातले प्रश्न

कॉलेजातल्या नोट्सना आमच्याकडे झेरॉक्सचा वास असतो. कधीकाळी पास होऊन गेलेल्या कुठल्यातरी ताईची सुवाच्य अक्षरातली वही दुकानात ठेवलेली असते. तिच्या प्रतींच्या प्रती निघत जातात आणि दर पिढीला डावीकडची एकदोन अक्षरं कापली जातात. ‘माजशास्त्र, पेपर दुसरा’ असं शीर्षक असलेला गठ्ठा मी स्वतः हाताळला आहे. विनोद म्हणून तो वाईट नाही. पण त्या गठ्ठ्यात कुणी काही वाचल्याची खूण नसते. वर मथळा, खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, आणि हे सगळं नेमकं कोण म्हणालं, कुणाला उद्देशून म्हणालं, त्यावर त्याच्याकडे पुरावा काय होता, याचा पत्ताच नसतो.

म्हणून मूळ लेख वाचायचा असला की मी वर्गात कोरे कागद वाटते आणि पट्टी काढायला लावते. ए-फोर कागद घ्यायचा. डाव्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर उभी रेघ मारायची. ती खाली कागद संपेपर्यंत न्यायची नाही, तळाची पाच सेंटिमीटर सोडून थांबवायची आणि तिथे आडवी रेघ मारायची. उजवीकडच्या रुंद भागात टिपण, डावीकडच्या अरुंद भागात प्रश्न, तळाशी गोषवारा. ही मांडणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासाची तंत्रं शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांची. १९६२ साली आलेल्या ‘हाऊ टू स्टडी इन कॉलेज’ या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. पुस्तकात मापं इंचात आहेत: डावीकडे अडीच, उजवीकडे सहा, तळाशी दोन. आपल्या वह्यांना समास असतोच, पण तो बोटभर. त्यात प्रश्न क्रमांकाशिवाय काही मावत नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तर तिथे काही लिहायचंच नसतं. त्यामुळे साडेसहा सेंटिमीटर समास सोडताना मुलांचा जीव कागदासाठी हळहळतो.

वाचायला मी देते तो लेख डॉ. आंबेडकरांचा, ‘कास्ट्स इन इंडिया’. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या आंबेडकरांनी तो वाचला आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो सुरुवातीलाच आहे. वीसेक पानांचा मजकूर. लेख निवडण्याचं माझं कारण अगदी शिक्षकी आहे. हा लेख एक युक्तिवाद आहे, पायरीपायरीने चढत जाणारा, आणि पायरी चुकली की चुकलेलं लगेच दिसतं. माहितीच्या लेखाची टिपणं कशीही काढली तरी चालून जातात, युक्तिवादाची नाही.

कॉर्नेलचा आणि या लेखाचा एक धागा मात्र योगायोगाने जुळतो. आंबेडकर लेखाच्या सुरुवातीला जातीच्या चार व्याख्या तपासतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि केतकर. हे चौथे म्हणजे आपले ज्ञानकोशकार केतकर. जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली इथाकाहून निघालं, आणि इथाका म्हणजे कॉर्नेलचं गाव. केतकर तिथलेच पीएच.डी. पॉक यांची रेघ तेव्हा अस्तित्वात नव्हती. पुढे अख्खा ज्ञानकोश उभा करणाऱ्या या माणसाने स्वतःची टिपणं कशी ठेवली असतील, हे कुतूहल मला अधूनमधून छळतं.

या चार व्याख्यांपाशीच पहिला खड्डा आहे. मुलं उजव्या भागात लिहितात: ‘जात म्हणजे बाहेरच्यांशी पंक्तिव्यवहार न करणारा गट.’ पुढे पानाचा आकडा. वाक्य लेखात आहे, आकडाही बरोबर. पण हे म्हणणं नेसफिल्डचं आहे, आणि आंबेडकर ते मांडतात ते खोडण्यासाठी. जात बंद असते म्हणून पंगत आपोआप बंद होते, म्हणजे नेसफिल्डने परिणामालाच कारण मानलं, असा त्यांचा आक्षेप. सेनारचा विटाळावरचा भर त्यांना पुरोहितपणाशी निगडित वाटतो, जातीच्या गाभ्याशी नाही. केतकरांबद्दल त्यांना आदर आहे. जन्माने मिळणारं सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ही केतकरांची दोन लक्षणं ते मान्य करतात, पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असं सांगून उरते ती फक्त लग्नाची बंदी. सहा महिन्यांनी वही उघडणाऱ्या मुलाला यातलं काहीच आठवत नाही. त्याला फक्त ‘पंक्तिव्यवहार’ दिसतो आणि तो पेपरात लिहून येतो की आंबेडकरांच्या मते जात म्हणजे पंगत.

म्हणून पहिल्या पानाच्या डाव्या भागात माझी एकच सक्ती असते. प्रत्येक टिपणासमोर कोण म्हणतं ते लिहायचं, आणि लेखक त्याच्याशी सहमत आहे की भांडतोय, हेही. समाजशास्त्रातला बराचसा मजकूर दुसऱ्यांचं सांगण्यात जातो. कुणाच्या तोंडी कोणतं वाक्य आहे हे कळलं नाही तर उरलेलं टिपण कितीही नेटकं असो, ते खोटं सांगत असतं.

खरं काम दुसऱ्या पानावर आहे. इथे आंबेडकर विचारतात की ज्या समाजाला सगोत्र आणि सपिंड लग्नं वर्ज्य आहेत, म्हणजे बाहेर लग्न करण्याची ज्याची मूळ सवय आहे, त्यातल्या एखाद्या गटाने आतच लग्न करायचं ठरवलं तर ते टिकवायचं कसं? गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया साधारण सारख्या संख्येने हव्यात. नवरा-बायको एकाच वेळी मेले असते तर हा हिशेब आपोआप जुळला असता. तसं घडत नाही. नवरा आधी गेला तर एक बाई उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष. उरलेली बाई गटाबाहेर लग्न करील तर बंदी मोडते, गटात करील तर एका कुमारिकेचा नवरा कमी होतो. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, किंवा जन्मभर विधवा म्हणून ठेवायचं. पुरुषाला जाळता येत नाही, कारण त्याचं वजन आहे आणि गटाला त्याची गरजही. त्याने संन्यास घेतला तर गटाचं संख्याबळ घटतं, आणि तो व्रत पाळेल याची खात्री नसतेच. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींमधून बायको शोधायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह: आपण ज्यांना तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली म्हणून शाळेत शिकलो, त्या इथे एकाच हिशेबाची तीन उत्तरं म्हणून येतात. लेखातला मला सर्वांत थंड आणि म्हणूनच सर्वांत हादरवणारा भाग हा आहे. आवाज कुठेही चढत नाही.

याचं टिपण काढताना पुस्तक मिटून ठेवायचं, हा नियम मी व्याख्यानाच्या टिपणांसाठी करत नाही. व्याख्यान पळत असतं, ते पकडावं लागतं. छापील मजकूर जागचा हलत नाही, त्यामुळे त्यातलं वाक्य न वाक्य उतरवण्याचा मोह होतो, आणि हात चालू असला की डोकं चालू आहे असं वाटतं. म्हणून तीन-चार परिच्छेद वाचायचे, पान उपडं ठेवायचं, मग उजवीकडे आपल्या वाक्यात लिहायचं. कंसात पानाचा आकडा. प्रत्येक टप्प्यानंतर एक ओळ मोकळी. या लेखातली चार-पाच छापील पानं एका कागदात बसतात. जास्त कागद लागत असतील तर उतरवणं सुरू झालंय असं समजावं. शिवाय पान भरलं म्हणून नवं पान घ्यायचं नाही. युक्तिवादाने वळण घेतलं की घ्यायचं, मग आधीच्या पानाखाली अर्धा हात कोरा राहिला तरी चालेल.

डावा भाग त्या दिवशी मोकळाच ठेवायचा. पॉक म्हणतात, शक्य तितक्या लवकर भरा. मी एक रात्र मध्ये जाऊ देते. दुसऱ्या दिवशी फक्त टिपण वाचून डावीकडे प्रश्न काढायचे, असे की त्यांचं उत्तर उजवीकडे असलंच पाहिजे. नंतर उजवा भाग दुसऱ्या कागदाने झाकायचा आणि प्रश्न पाहून मोठ्याने उत्तर द्यायचं. मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमी बरोबर असतं, म्हणून मोठ्याने.

इथे काय बिघडतं ते मी दरवर्षी पाहते. बहुतेक मुलं डावीकडे एकेक शब्द लिहितात. ‘सती.’ ‘वैधव्य.’ ‘अनुकरण.’ मग उजवी बाजू झाकून ‘सती’ या शब्दाकडे पाहायचं आणि बोलायचं. मूल लगेच सुरू होतं: राजा राममोहन रॉय, लॉर्ड बेंटिंक, १८२९ चा कायदा. धडाधड, न अडखळता. सगळं खरं, आणि त्यातलं एक अक्षर या लेखात नाही. शब्दाने लेख जागा केला नाही, सातवी-आठवीचं इतिहासाचं पुस्तक जागं केलं. आणि अडचण अशी की बोलणाऱ्याला ते कळत नाही, कारण तो अडखळला नाही. म्हणून झाकलेला भाग उघडून बोललेलं आणि लिहिलेलं ताडून पाहणं, ही पायरी गाळली की सगळा खटाटोप फुकट जातो.

त्याच जागी ‘अंतर्विवाह टिकवायचा तर नवरा मेलेली बाई गटाला अडचण का वाटते?’ असा प्रश्न असला की राममोहन रॉय आत येऊच शकत नाहीत. उत्तर द्यायचं तर कुमारिकेच्या कमी होणाऱ्या नवऱ्यापर्यंत जावंच लागतं. त्याखालचा प्रश्न ‘पुरुषाच्या बाबतीत हेच उपाय का चालत नाहीत?’ असा हवा. हे दोन प्रश्न समासात असले की पानाचा हिशेब उभा राहतो. एका मुलाने फक्त ‘तो उरला तर? ती उरली तर?’ एवढंच लिहिलं होतं. माझ्या लांबलचक प्रश्नांपेक्षा ते बरंच चांगलं होतं, आणि साडेसहा सेंटिमीटरात ऐसपैस मावलं.

तिसऱ्या पानावर ही मांडणी थोडी तोकडी पडते. एका गटाने दार लावून घेतलं, आणि तो गट आंबेडकरांच्या मते पुरोहितांचा, ब्राह्मणांचा. मग बाकीच्यांची दारं कशी लागली? मनूने कायदा केला म्हणून, हे उत्तर ते नाकारतात. जात मनूच्या आधीपासून होती, त्याने तिला नियमांत बसवलं आणि तिचं समर्थन केलं, एवढंच. ‘आंबेडकरांच्या मते जात मनूने निर्माण केली’ हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलं आहे की एकदा मूळ लेख डोळ्यांखालून घालायला लावणं भागच पडलं. त्यांचं स्वतःचं उत्तर अनुकरण हे आहे. त्यासाठी ते गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतात. ज्याचं अनुकरण करायचं त्याला गटात प्रतिष्ठा हवी, आणि त्याच्याशी रोजचा संबंध हवा. अंतर वाढेल तसं अनुकरण पातळ होतं. पुरावा म्हणून ते एक उतरंड दाखवतात. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जाती तिन्ही चाली पाळतात. थोड्या दूरच्या वैधव्य आणि बालविवाह पाळतात. त्याहून दूरच्या फक्त बालविवाह. सर्वांत दूरच्यांकडे जातीवरची श्रद्धा तेवढी उरते.

हे वाक्यांत लिहून डोक्यात बसत नाही. उजव्या भागात चार पायऱ्या काढाव्यात आणि प्रत्येक पायरीवर उरलेल्या चाली लिहाव्यात, म्हणजे खाली उतरताना एकेक गळताना दिसते. समासातला प्रश्न मग असा होतो: ‘पायऱ्यांचा क्रम उलटा निघाला असता तर आंबेडकरांचं म्हणणं टिकलं असतं का?’ हा प्रश्न मला आवडतो, कारण पुरावा म्हणजे काय हे त्यातून कळतं. दुसरं कारणही याच पानावर यायला हवं, मुलं ते हमखास विसरतात. काही गटांनी अनुकरणाने स्वतः दार लावलं, काहींना ते बाहेरून लावलेलं आढळलं. जातीचा नियम मोडणाऱ्यांना वाळीत टाकलं की त्यांची वेगळी जात होते. जात एकटी राहूच शकत नाही, ती नेहमी अनेकवचनात असते, हा त्यांचा मुद्दा इथे पक्का होतो.

आता तळाची पाच सेंटिमीटर. इथे हा लेख एक गंमत करतो. शेवटी आंबेडकरांनी स्वतःच आपल्या अभ्यासाचे चार मुद्दे दिले आहेत: वंश मिसळलेले असले तरी हिंदू समाजात खोल सांस्कृतिक एकता आहे, जात म्हणजे त्या मोठ्या एकतेचे तुकडे, सुरुवातीला एकच जात होती, आणि अनुकरण व बहिष्कार यांनी वर्गांच्या जाती झाल्या. आयता गोषवारा मिळाला म्हणून सगळे तो तळाशी उतरवतात. तो चूक कसा असेल, खुद्द लेखकाचाच आहे! पण नीट वाचलं तर दिसतं की त्या चार मुद्द्यांत उरलेली बाई नाही, उरलेला पुरुष नाही, सती-वैधव्य-बालविवाहही नाहीत. म्हणजे लेखाचं यंत्र जिथे फिरतं तोच भाग गायब. लेखकाने निष्कर्ष दिले आहेत, आणि श्रोत्यांनी मधलं सगळं नुकतंच ऐकलेलं असल्यामुळे त्याला तेवढं पुरेसं होतं. चार महिन्यांनी वही उघडणाऱ्याला पुरत नाही.

म्हणून गोषवारा पानागणिक लिहायचा, पुस्तक आणि उजवा भाग दोन्ही झाकून, केवळ समासातल्या प्रश्नांवरून. दुसऱ्या पानाखाली मी फळ्यावर लिहून दाखवते तो असा: ‘बाहेर लग्न करण्याची सवय असलेल्या समाजावर आत लग्न करण्याची सक्ती चढवली की जात होते. ती टिकवायला लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते आणि जोडीदाराच्या मृत्यूने ती बिघडते. उरलेल्या बाईसाठी सती किंवा वैधव्य, उरलेल्या पुरुषासाठी संन्यास किंवा लहान मुलगी. या चालींचा गौरव नंतर आला, त्यांच्या समर्थनासाठी.’ शेवटचं वाक्य मुलं गाळतात. ते गाळलं की सती पुन्हा श्रद्धेच्या खात्यात जाते आणि आंबेडकरांनी ती तिथून काढण्यासाठी केलेले श्रम वाया जातात. पाच सेंटिमीटरात सहा ओळी बसतात. सातवी लागली तर पानात दोन युक्तिवाद आलेत, पान फोडावं.

लेखाशी आपलं भांडण असेल तर ते लिहायला या मांडणीत जागा नाही. समास उत्तर असलेल्या प्रश्नांसाठी आहे. उत्तर नसलेला प्रश्न तिथे घुसला की झाकून बोलताना गोंधळ उडतो. माझ्या वर्गात असे प्रश्न पाठपानावर जातात.

तिथे आलेला एक प्रश्न सांगते. तिसऱ्या पानावरच्या पायऱ्या काढून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्यात पाट लागायचा. आजीच्या थोरल्या बहिणीचा लागला होता. विधवा बसून राहायची नाही. मग आमची जात कशी टिकली?”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “पाट जातीतच लागायचा ना गं?”

“जातीतच. पण मग त्या कुमारिकेचं काय, जिचा नवरा कमी झाला?”

तिने तो प्रश्न पाठपानावर लिहिला. तो साधा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट किंवा मोहतूर ही रूढ चाल होती, आणि त्या जातींच्या लग्नाच्या सीमा ब्राह्मणांच्या सीमांइतक्याच घट्ट होत्या. आंबेडकरांच्या पायऱ्यांत याचं अर्धं उत्तर आहे. दूरच्या गटांनी वैधव्याचं अनुकरण केलं नाही, पण जातीवरची श्रद्धा घेतली, आणि वरून त्यांच्यासाठी दार बंदच होतं. मात्र त्या गटांच्या आत तो संख्येचा हिशेब कसा भागला, हे या वीस पानांत सापडत नाही. पाट विधुराशी लागायचा की अविवाहिताशी, दुसरी बायको करण्याची मुभा होती का, मुलींची लग्नं किती लवकर व्हायची, हे त्या त्या जातीत जाऊन पाहावं लागेल. मुलीने प्रश्नाखाली आजीला विचारायच्या तीन गोष्टी लिहिल्या. पहिली होती, ‘बहिणीला दिलेला नवरा आधी लग्न झालेला होता का?’

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही एम. एन. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण घेतलं, कूर्गांवरच्या १९५२ च्या पुस्तकातलं. तिथेही अनुकरण, तिथेही वरच्यांच्या चालीरीती खालच्यांनी उचलणं. म्हणून दोन्हींची पानं शेजारी ठेवून फक्त समास वाचायला सांगितले. श्रीनिवासांच्या पानावर जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न होता: ‘अनुकरण करून जात वर कशी चढते?’ आंबेडकरांच्या पानावर त्याच मुलांचा प्रश्न होता: ‘अनुकरण करून गट बंद कसा होतो?’ उजवीकडचं टिपण एकमेकांसारखं दिसत होतं, शब्दही तेच. पाटाचा प्रश्न विचारणारी मुलगी दोन्ही कागद हातात धरून म्हणाली की मग वर चढणारी जात पाट सोडत असेल, आणि पाट सोडला की तिच्या घरात तो हिशेब सुरू होत असेल. हे तिने कुठल्या रकान्यात लिहायचं असं विचारलं. मी म्हटलं, नवीन कागद घे.